गिरणी आणि ग्रहण : असंबद्ध शब्दातून धंद्याची कल्पना

कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचे गिऱ्हाईक कमी होत चालले आहे. बंद पाकिटातले पीठ, घरघंटी आणि मोबाइलवरून मागवलेला आटा, तिन्ही बाजूंनी धंदा कुरतडला जातोय. आता कोणत्याही घरात विचारून पाहा, की या गिरणीवाल्याने काय करावे? पहिल्या दोन मिनिटांत उत्तरे येतात ती अशी : दळण घरपोच द्यावे, पीठ पाकिटात भरून विकावे, मसाले आणि भाजणी ठेवावी, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घ्यावी. पुण्यात विचारा किंवा परभणीत, कॉलेजातल्या मुलीला विचारा किंवा निवृत्त कारकुनाला, यादी जवळपास तीच. सूचना वाईट नाहीत. पण त्या शेजारच्या गिरणीवाल्यालाही सुचलेल्या असतात, म्हणून त्यांतून कुणालाच आघाडी मिळत नाही.

एकमेकांना न भेटलेल्या माणसांच्या डोक्यात तीच चार उत्तरे त्याच क्रमाने का उगवतात? आणि त्या चारांच्या पलीकडचे पाचवे उत्तर मुद्दाम शोधता येते का? येते. त्याची एक साधी रीत आहे : प्रश्नाशी काहीही संबंध नसलेला एक शब्द चिठ्ठी टाकून काढायचा आणि त्याची प्रश्नाशी जबरदस्तीने सांगड घालायची. वर्णन ऐकून हा पोरखेळ वाटेल. तो चालतो कसा आणि कुठे फसतो, हे या गिरणीवरच पाहू.

डोक्यातल्या ओघळी

फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने हा प्रश्न स्वतःवरच तपासला आणि 1879 मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात त्याचा वृत्तांत छापला. त्याने 75 शब्द वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहिले. एकेक चिठ्ठी समोर आली की मनात लगेच काय काय येते ते टिपायचे आणि लागलेला वेळ मोजायचा. हाच प्रयोग त्याने साधारण महिन्या-महिन्याच्या अंतराने, निरनिराळ्या ठिकाणी आणि मनःस्थितीत एकूण चारदा केला. मिळून 505 कल्पना नोंदल्या गेल्या, पण वेगळ्या अशा 289च निघाल्या. बाकीच्या सगळ्या पुन्हा पुन्हा आलेल्या होत्या. आपल्या मनात केवढी विविधता असेल असे गॉल्टनला वाटत होते, आणि हाती आली ती पुनरावृत्ती. इतका तल्लख माणूसही त्याच त्या वाटांवरून फिरत होता.

याचे कारण समजायला माळरानावरचा पाऊस आठवावा. पहिल्या सरीचे पाणी कुठूनही वाहते. पण जिथून वाहिले तिथली माती थोडी खरवडली जाते, पुढच्या सरीचे पाणी त्याच खाचेकडे वळते, आणि चार पावसाळ्यांत तिथे खोल ओघळ तयार होते. मग उतारावर कुठेही पाणी पडो, ते त्याच ओघळीला मिळते. मनातही ‘गिरणी’ या शब्दापासून ‘दळण’, ‘डबा’, ‘घरपोच’, ‘पाकीट’ अशी एक ओघळ पडलेली असते. एरवी ती फार उपयोगाची. डबा उचलून गिरणीत जाताना रोज नव्याने विचार करावा लागला, तर दिवस सरायचा नाही. नवे काही हवे असते तेव्हा मात्र तीच ओघळ आड येते.

नुसते ‘जरा वेगळा विचार करा’ म्हटल्याने भागत नाही, हे थॉमस वॉर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1994 मध्ये दाखवले. त्याने लोकांना दुसऱ्या ग्रहावरचा काल्पनिक प्राणी काढायला सांगितले. बंधन कसलेच नव्हते. तरीही बहुतेकांच्या प्राण्यांना डोळे होते, पाय होते, आणि शरीराची डावी-उजवी बाजू सारखी होती. मोकळीक मिळाली की मन जवळची ओघळ धरते.

बाहेरून पाणी ओतायचे

एडवर्ड डी बोनो या माल्टात जन्मलेल्या डॉक्टरने 1967 मध्ये आडव्या विचाराची, म्हणजे लॅटरल थिंकिंगची, कल्पना मांडली. त्याचे म्हणणे असे की ओघळीच्या उगमापासून निघालो तर आपण ओघळीतच राहणार. पण दूरच्या एखाद्या जागेवरून निघून मूळ प्रश्नाकडे यायला लागलो, तर येताना वेगळी वाट सापडण्याची शक्यता वाढते. दूरची जागा म्हणजे तो असंबद्ध शब्द. त्याच्या एका उदाहरणात प्रश्न होता सिगारेट आणि शब्द निघाला वाहतुकीचा सिग्नल. सिग्नल म्हणजे लाल दिवा, लाल म्हणजे धोका. त्यातून कल्पना आली, की सिगारेटच्या बुडाजवळ लाल पट्टा छापावा आणि तिथून पुढचे ओढणे जास्त घातक आहे हे ओढणाऱ्याला दाखवावे.

शब्द चिठ्ठीनेच का काढायचा, आपण निवडला तर काय बिघडते, असे अनेकांना वाटते. बिघडते ते इथेच. आपण निवडलेला शब्द आपल्या जुन्या ओघळीतूनच आलेला असतो. गिरणीचा विचार करत बसलेला माणूस ‘असंबद्ध’ म्हणून ‘बेकरी’ किंवा ‘शेत’ निवडेल, आणि ते शब्द त्याला पुन्हा पाकिटात भरलेल्या पिठापाशीच आणून सोडतील.

> चौकट : शब्द कसा काढावा
>
> डी बोनोची एक सोय फार कामाची आहे. साठ शब्दांची यादी आधीच करून ठेवायची आणि गरज पडेल तेव्हा घड्याळातला सेकंदाचा आकडा पाहायचा. सदतीस दिसले तर सदतिसावा शब्द घ्यायचा. यादीत डोळ्यांसमोर उभी राहतील अशी साधी नामे असावीत : पूल, दात, जत्रा, वारूळ, तिकीट, बोगदा. ‘प्रगती’, ‘विश्वास’ असे शब्द टाळावेत, कारण ते कशालाही चिकटतात आणि काहीच ओढून आणत नाहीत. आपल्या धंद्यातले शब्दही नकोत. यादी करताना डोक्यात कोणताही प्रश्न नसावा, म्हणून ती फुरसतीत करावी किंवा दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावी. एका शब्दाला तीन ते पाच मिनिटे पुरतात. शब्द आवडला नाही म्हणून बदलायचा नाही.

शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत जास्त मोडली जाणारी. शब्द बदलत राहणारा माणूस प्रत्यक्षात, मनात आधीच असलेल्या कल्पनेला साजेसा शब्द केव्हा येतो याची वाट पाहत असतो. तसा शब्द आला की तो खूश होतो, आणि हाती लागते ती जुनीच कल्पना.

शब्द निघाला : ग्रहण

आता गिरणीकडे वळू. समजा, सेकंदाचा आकडा पाहिला आणि यादीतला शब्द निघाला ‘ग्रहण’. पहिला झटका असा, की याचा आणि पिठाचा काय संबंध? ही अस्वस्थता चांगली खूण आहे. संबंध लगेच दिसला असता तर शब्द पुरेसा दूरचा नव्हता असे समजावे.

पहिली पायरी म्हणजे काही क्षण गिरणी बाजूला ठेवून फक्त ग्रहणाबद्दल बोलायचे. ग्रहण कधी लागणार हे आधीपासून ठाऊक असते, पंचांगात त्याची वेळ छापलेली असते. त्याला स्पर्श असतो आणि मोक्ष असतो. एका गोलाची सावली दुसऱ्यावर पडते. परंपरा पाळणाऱ्या घरांत मोक्ष झाल्यावर अंघोळ करतात, घर धुतात. एवढ्या चार-पाच गोष्टी पुरेत. वीस-पंचवीस लिहायला बसलो, तर त्यांतली आपल्या सोयीची तेवढी उचलण्याचा मोह होतो. रूढी खरी की खोटी हा इथे प्रश्नच नाही. आपल्याला फक्त त्या गोष्टीची घडण हवी आहे.

दुसरी पायरी सांगड घालण्याची, आणि सांगडीचे तीन प्रकार असतात. पहिल्यात दोन वस्तू नुसत्या शेजारी ठेवल्या जातात : ग्रहणाच्या दिवशी गिरणीत सवलत. दुसऱ्यात एकीचा वरवरचा गुण दुसरीला लावला जातो : चंद्रकोरीचे चित्र असलेली पिठाची पिशवी. दोन्ही कल्पना दहा सेकंदांत सुचतात आणि दोन्ही निरुपयोगी आहेत, कारण गिरणीच्या कामात त्यांनी काहीच बदलले नाही. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि ही रीत म्हणजे थट्टा आहे असे ठरवून मोकळे होतात.

तिसऱ्या प्रकारात वस्तूची रचना उचलायची असते, तिच्या भागांचा आपसातला संबंध. ग्रहणात एकाची सावली दुसऱ्यावर पडते. मग प्रश्न असा विचारायचा : गिरणीत कशाची सावली कशावर पडते?

गिरणीत उभे राहिलेल्या कुणालाही उत्तर माहीत आहे. मागच्या गिऱ्हाइकाच्या दळणाची सावली पुढच्याच्या दळणावर पडते. दगडांच्या खाचांत, धान्य ओतायच्या नरसाळ्यात, पीठ खाली येते त्या कापडी नळीत आधीच्या धान्याचे पीठ चिकटून राहते आणि पुढच्या डब्यात उतरते. म्हणून तर डबा पुढे करण्याआधी बायका विचारतात, “आधी काय दळलंय?” ज्वारीवर गहू चालवून घेतात. पण उपवासाचा राजगिरा किंवा शिंगाडा असेल तर त्यात गव्हाचा कणही चालत नाही, आणि हरभऱ्याच्या डाळीनंतर तांदळाची पिठी दळायला सहसा कुणी तयार नसते. हा प्रश्न गिरणीत रोज विचारला जातो. तरी धंदा कसा वाढवायचा हे विचारल्यावर तो कुणाच्या यादीत आला नव्हता, कारण आपण त्याला गिरणीचा स्वभाव मानून बसलो होतो.

सावली सापडल्यावर बाकीचे धागे आपोआप ओढले जातात. ग्रहणाची वेळ आधी जाहीर असते, तशी गिरणीची ‘बिनसावलीची वेळ’ जाहीर करता येईल. मोक्षानंतर धुतात, तशी त्या वेळेआधी गिरणी पूर्ण साफ करता येईल. मग कल्पना अशी उभी राहते : आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी दगड उघडून झाडायचे, नरसाळे आणि नळी धुऊन वाळवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे पहिले दोन तास ठरलेल्या क्रमाने दळायचे. आधी उपवासाची धान्ये, मग तांदूळ, मग नाचणी आणि ज्वारी. गहू आणि डाळी त्यानंतर. क्रम आणि वेळ दारावरच्या फळीवर लिहायची, आणि या दोन तासांचा दर थोडा जास्त ठेवायचा.

इथे एक कसोटी लावून पाहावी. ‘ग्रहण’ हा शब्द पूर्ण काढून टाकला तरी कल्पना उभी राहते का? राहते. ‘साफ गिरणी, ठरलेला क्रम, ठरलेली वेळ’ असे गिरणीच्याच भाषेत ती सांगता येते. पिशवीवरच्या चंद्रकोरीचे तसे नाही. शब्द काढला की तिथे काहीच उरत नाही. दुसरी कसोटी उलट बाजूची : हे आपल्याला शब्दाशिवायही पहिल्या पाच मिनिटांत सुचले असते का? सुचले असते तर आपण शब्दाला वाकवून जुन्या ओघळीत नेले, असे समजावे. ‘ग्रहणात बाहेर पडत नाहीत, म्हणून घरपोच दळण’ हे त्याचे नमुनेदार उदाहरण आहे. दोन-तीन उड्या मारून आपण होतो तिथेच येतो, आणि उड्यांमुळे नवे काही सापडल्याचा भास होतो.

कल्पनेला सुरी लावताना

सांगड घालताना टीका बाजूला ठेवायची असते, पण त्यानंतर ती पूर्ण धार लावून आणावी लागते. या रीतीची खरी शिस्त इथे आहे असे मला वाटते.

बिनसावलीच्या वेळेचे पहिले गिऱ्हाईक कोण, असे विचारले की लगेच सुचते ते ज्यांना गहू चालतच नाही अशा रुग्णांचे नाव. सीलिअ‍ॅक या आजारात गव्हातले ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेले की लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. हे लोक चांगल्या ज्वारी-नाचणीच्या पिठासाठी खरोखर जादा पैसे देतील. म्हणजे फळीवर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहावे का?

अजिबात लिहू नये. भारतातल्या अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. गव्हाच्या पिठात ढोबळमानाने दहावा हिस्सा ग्लुटेन धरला, तर 20 मिलिग्रॅम ग्लुटेन म्हणजे सुमारे 200 मिलिग्रॅम गव्हाचे पीठ. किलोभर ज्वारीच्या पिठात चिमूटभर गव्हाचे पीठ पडले की मर्यादा संपली. एवढे पीठ तर दगडाच्या एका टवक्यात दडून बसते, आणि गिरणीच्या हवेत तरंगते ते वेगळेच. झाडू आणि पाणी यांनी ही हमी देता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र खोली, स्वतंत्र यंत्र आणि प्रयोगशाळेची तपासणी लागते, आणि तो दुसराच धंदा आहे. खोटी हमी देऊन एखाद्याला आजारी पाडण्यापेक्षा हे गिऱ्हाईक सोडलेले बरे.

मग कल्पना मेली का? तिचा एक तुकडा मेला. उपवास पाळणारे, भाकरीला गव्हाचा चिकटपणा नको असणारे, तांदळाची पांढरीशुभ्र उकड हवी असणारे लोक उरतातच. त्यांना प्रयोगशाळेतली शुद्धता नको असते. आधी काय दळले याची काळजी मिटली की त्यांचे काम भागते.

ही रीत कुठवर पोचते

असंबद्ध गोष्टींच्या सक्तीने खरोखर फायदा होतो, याला प्रयोगाचा आधार आहे. रोनाल्ड फिंके या मानसशास्त्रज्ञाने 1990 मध्ये लोकांना गोळा, आकडा, नळी, चाके अशा साध्या भागांपैकी यदृच्छेने निवडलेले तीन भाग दिले आणि ते मनातल्या मनात जोडून उपयोगी वस्तू बनवायला सांगितले. वस्तू कोणत्या प्रकारची हवी, फर्निचर की खेळणे, हे लोकांनी स्वतः निवडले तेव्हापेक्षा तेही यदृच्छेने ठरले तेव्हा जास्त कल्पक वस्तू निघाल्या. आधी आकार बनवून घेतला आणि प्रकार नंतर सांगितला, तेव्हा तर आणखी. आपण ग्रहणाबद्दल आधी बोललो आणि गिरणी नंतर आणली, त्यामागे हेच तर्कशास्त्र आहे.

पण जितके दूर तितके चांगले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. जोएल चॅन, स्टीव्हन डाउ आणि ख्रिश्चन शुन यांनी 2015 मध्ये ‘ओपनआयडिओ’ या मंचावर लोकांनी मांडलेल्या कल्पनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे प्रत्येक कल्पनेसोबत ती कशावरून सुचली हे नोंदलेले असे. दूरच्या प्रेरणेतून आलेल्या कल्पना जास्त निवडल्या जातील, ही सर्वसामान्य समजूत त्यात खरी ठरली नाही. प्रश्नाच्या जवळच्या प्रेरणांतून आलेल्या कल्पना निवडल्या जाण्याची शक्यता उलट जास्त दिसली. माझ्या मते या दोन निष्कर्षांत भांडण नाही. दूरचा शब्द वेगळ्या दारापाशी नेऊन सोडतो, पण दार उघडायला गिरणीचे जवळचे ज्ञान लागते. नरसाळ्यात पीठ चिकटते हे ज्याला माहीत नाही, त्याच्यासाठी ‘सावली’ ही नुसती सावलीच राहील. म्हणून हा प्रयोग बाहेरच्या सल्लागाराने एकट्याने करण्यापेक्षा गिरणीवाला आणि त्याचे जुने गिऱ्हाईक यांच्यासोबत बसून करावा.

शिवाय या रीतीत फुकट जाणाऱ्या शब्दांचे प्रमाण मोठे असते. ‘ग्रहण’ ऐवजी ‘बोगदा’ निघाला असता, तर कदाचित पाच मिनिटे कोरडी गेली असती. तेव्हा तो दिवस सोडून द्यावा, उद्या दुसरा शब्द काढावा.

आणि मागणी आहे की नाही, हे शब्दाला कळत नाही. त्यासाठी साधा हिशेब लागतो. समजा गिरणी तासाला 60 किलो दळते आणि दर किलोला 8 रुपये आहे. सफाईसाठी चालत्या वेळेतला अर्धा तास गेला, तर 30 किलोचे 240 रुपये बुडाले. बिनसावलीच्या दळणाला किलोमागे 4 रुपये जादा घेतले, तर तेवढे भरून काढायला 60 किलो हवे, म्हणजे तीन किलोचा डबा आणणारी वीस गिऱ्हाइके. पण सफाई सुट्टीच्या दिवशी केली तर दळण बुडतच नाही, खर्च फक्त मजुरीचा. ती 120 रुपये धरली तर 30 किलोत, दहा डब्यांत, ती निघते. दहा डबे येतील का हे शोधायला फळी रंगवायचीही गरज नाही. गल्ल्याशेजारी एक वही ठेवावी आणि पंधरा दिवस, ‘आधी काय दळलं?’ असे विचारणाऱ्या प्रत्येक माणसापुढे एक रेघ ओढावी. त्या माणसाने दळण टाकले की डबा परत नेला, हेही रेघेपुढे लिहावे. परत गेलेल्या डब्यांची संख्या आठवड्याला दहाच्या आसपास पोचली, तर पुढच्या सुट्टीला दगड उघडायला हरकत नाही.